एमडींचं मनोगत लिहायचंय? आधी पगारपत्रक उघडा

पत्र

मी सोलापुरात एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात एचआर बघते. सव्वाशेच्या आसपास माणसं आहेत. आम्ही पहिल्यांदाच कर्मचारी पुस्तिका छापतोय आणि पहिल्या पानावर एमडींचं स्वागताचं मनोगत हवंय. साहेब म्हणाले, "तूच लिही, मी सही करतो. फक्त प्रवचन नको." मी लिहिलं की प्रामाणिकपणा, गुणवत्ता, शिस्त आणि सांघिक भावना ही आमची चार मूल्यं आहेत. त्यांनी वाचून परत दिलं. म्हणाले, "हे कुठल्याही कंपनीचं आहे." साहेब मुळात कमी बोलतात. मागच्या वर्षी वजनाला कमी भरलेला एक लॉट त्यांनी स्वतः गिऱ्हाईकाला कळवून थांबवला होता, पण असलं काही पुस्तिकेत लिहितात का? मूल्यं तर सांगायची आहेत, पण उपदेश वाटायला नको. कसं लिहू?

उत्तर

हो, असलंच लिहितात. किंबहुना तुमच्या पत्रात मनोगताच्या कामाची गोष्ट ती एकच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत.

उपदेशाचा वास कुठून येतो ते आधी पाहू. तुमचा मसुदा मी वाचलेला नाही, पण अशा मसुद्यांत पुढे काय येतं ते माहीत आहे. "आपण सर्वांनी वेळेचं पालन करावं, गुणवत्तेशी तडजोड करू नये, सहकाऱ्यांचा आदर ठेवावा." यातलं प्रत्येक काम ऐकणाऱ्याने करायचं आहे. सांगणाऱ्याकडे सही करण्यापलीकडे काहीच काम नाही. सव्वाशे माणसांच्या कारखान्यात एमडी काही भिंतीवरचा फोटो नसतो. त्यांची गाडी किती वाजता येते आणि ऑर्डर अडली की त्यांचा आवाज किती चढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक मुद्द्यात आधी कंपनी काय करते ते येऊ द्या आणि मग कामगाराकडून काय हवं ते. एवढा क्रम बदलला तरी अर्धं प्रवचन गळून पडतं.

उरलेलं अर्धं प्रवचन पोकळ शब्दांचं असतं. "आम्ही प्रामाणिकपणाला महत्त्व देतो" या वाक्याच्या उलटं वाक्य कोणती कंपनी छापेल? कोणीच नाही. मग सुलट वाक्यातूनही काही कळत नाही. अमेरिकेतल्या एनरॉन कंपनीने 2000 सालच्या वार्षिक अहवालात आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता अशी चार मूल्यं छापली होती. डिसेंबर 2001 मध्ये हिशेबांतल्या लबाडीपायी कंपनीचं दिवाळं निघालं. तुमचीही चारच आहेत, हा योगायोग समजा.

तर साहेबांना "आपली मूल्यं कोणती?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला कमी बोलणारा माणूस गप्प बसतो आणि जास्त बोलणारा भाषण ठोकतो. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टी विचारा. हातात येत असलेले पैसे कधी सोडून दिले? कुठली ऑर्डर घेतली नाही आणि का? कोणाला कामावरून काढावं लागलं, आणि तसाच दुसरा माणूस ठेवला तो कशामुळे? कामगारांची कुठली तक्रार शेवटी खरी निघाली? हे केबिनमध्ये समोरासमोर बसून विचारू नका. पाळी बदलताना त्यांच्याबरोबर शेडमधून चक्कर मारा आणि त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा. यंत्राजवळ उभा राहिलेला मालक जे बोलतो ते टेबलामागे बसून बोलत नाही. त्यांचे शब्द आहेत तसेच उतरवून घ्या. छापतानाही शक्य तेवढे तसेच ठेवा.

आता तो लॉट. मला तुमच्या ऑर्डरचे आकडे माहीत नाहीत, म्हणून एक उदाहरण धरते. समजा 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल आहे आणि गिऱ्हाईकाने 450 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा, मागितलाय. म्हणजे एक नग साधारण 441 ग्रॅम भरायला हवा. तो 420 जीएसएमने निघाला तर 412 ग्रॅम भरेल. जवळपास तीस ग्रॅमचा फरक. हातात घेऊन तो कळत नाही, काट्यावर मात्र लगेच कळतो. आणि कारण बहुतेक वेळा मागावरच असतं. लूपच्या ताण्याला, म्हणजे ज्या उभ्या धाग्यांचे लूप बनतात त्यांना, ताण जास्त बसला की लूप आखूड पडतात, आणि टॉवेलचं बरंचसं वजन तर लूपमध्येच असतं. हे सगळ्यात आधी कोणाला दिसतं? मागावर उभ्या असलेल्या माणसाला. तेही पॅकिंगच्या काट्यावर माल चढण्याच्या कितीतरी आधी.

इथे खरी गोम आहे. मागावरच्या माणसाचा पगार नगावर किंवा उत्पादनावर ठरत असेल, तर लूप आखूड दिसल्यावर माग थांबवणं म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणं. जॉबर येणार, ताण बघणार, लावून देणार. तासभर गेला तर तेवढं उत्पादन गेलं. पहिल्या पानावर साहेब "गुणवत्तेशी तडजोड नाही" म्हणतात आणि पगारपत्रक म्हणतं "थांबलास तर बुडालास". माणूस अर्थातच पगारपत्रकाचं ऐकतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

म्हणून मनोगताला हात घालण्याआधी अकाउंटमध्ये जा आणि त्या लॉटच्या आठवड्याचा हिशेब काढायला सांगा. माग थांबले तेव्हा त्यांच्यावरच्या माणसांना काय मिळालं? त्यांना सरासरीप्रमाणे पैसे मिळाले असतील, तर तुमच्याकडे लिहिण्यासारखं मूल्य आहे आणि त्याचा पुरावाही आहे. काहीच मिळालं नसेल, तर गिऱ्हाईकापुढे साहेबांनी राखलेल्या इमानाची किंमत काही अंशी कामगारांनी मोजली. त्यांना ते लक्षात असणार. आणि नुकसान त्यांच्या पगारातून कापलं असेल, तर मामला आणखी गंभीर आहे. माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी न देता नुकसानभरपाई कापणं कायद्यात बसत नाही. या तिन्हींतलं कोणतं उत्तर येतं त्यावर पुढचं लिखाण ठरेल.

असंच पुस्तिकेच्या बाकीच्या पानांचं करा. मनोगत पहिल्या पानावर असलं तरी ते शेवटी लिहायचं. रजा, ओव्हरटाइम, दंड, उशीर ही पानं समोर ठेवून बघा की पहिल्या पानावरचं वाक्य ती पानं खोटं पाडतात का. "शिस्त" हा तुमचा शब्द घ्या. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, असं आत कुठे लिहिलंय का? असलं तर ते आधी काढा, कारण गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर पगार कापता येत नाही. आणि पगार किती तारखेला होतो? तो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. तो 12 तारखेला होत असेल तर शिस्तीबद्दल एक अक्षर लिहू नका. उलट तो कधीच चुकला नसेल तर तेवढंच लिहा. मग शिस्त हा शब्द न वापरताही चालेल.

"आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य मसुद्यात असेल तर काढून टाका. मंदीत माणसं कमी करायची वेळ आली की तेच वाक्य नोटिशीशेजारी ठेवून वाचलं जातं. जुन्या गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या सोलापुरात तर ते आणखी लागतं. त्याच कारणासाठी "तुमचं भविष्य आमच्याकडे सुरक्षित आहे" असलं वचनही नको. ते साहेबांना पाळता येईलच असं नाही.

महिलांचा आदर राखण्याबद्दलचा परिच्छेदही मनोगतात नको. तुमच्याकडे हेमिंगला आणि पॅकिंगला बायका असतीलच. त्यांना सुविचार नको असतो, कोणाकडे जायचं ते हवं असतं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा.

आता एक अवघड काम साहेबांकडून करून घ्या. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर कुठली आधी, हे त्यांना ठरवायला लावा. जॉन्सन अँड जॉन्सनने 1943 साली आपली बांधिलकी एका पानावर लिहिली. तिच्यात माल वापरणारे पहिले, कामगार त्यानंतर, मग समाज, आणि भागधारक सगळ्यात शेवटी, असा क्रम होता. पुढे ती कंपनी नेहमी तशीच वागली का, हा वेगळा विषय. पण क्रम लिहिलेला असला की त्याकडे बोट दाखवून भांडता तरी येतं. तुमच्याकडे प्रश्न साधा आहे. कंटेनर उद्या सुटायचाय, माल थोडा कमी आहे, आणि मागात कचरा अडकलाय. माग थांबवून तो काढायचा, की चालू मागात हात घालायचा? यावर एमडींचं उत्तर रात्रपाळीच्या मुकादमाला छापील मिळालं पाहिजे. कारण तो प्रसंग येईल तेव्हा साहेब घरी झोपलेले असतील.

लांबी अडीचशे ते तीनशे शब्द पुरे. वाक्यं अशी हवीत की एकाने मोठ्याने वाचली तर बाकीच्यांना एका दमात कळावीत, कारण तुमच्याकडे बरेच जण ती वाचण्याऐवजी ऐकणार आहेत. तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं असणारच. भाषांतर करायचं तर आधी विचारा. घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी जणांची शाळा मराठीत झालेली असते, आणि तेलुगू लिपीतलं पत्रक त्यांच्या उपयोगाचं नसतं. त्यांना रुजू होण्याच्या दिवशी कोणी तेलुगूत वाचून समजावलं तर जास्त उपयोग होईल.

खाली नमुना देते. यातले तपशील माझ्या मनाचे आहेत. तुमच्याकडे जे खरं असेल ते घाला, जे खरं नसेल ते खोडा.

> नमस्कार,
>
> कामावर आल्याबद्दल तुमचं स्वागत. पगार, रजा, ओव्हरटाइम यांचे नियम आतल्या पानांवर आहेत. इथे मी फक्त आपल्याकडे काम कसं चालतं ते सांगतो.
>
> मागच्या वर्षी आपला एक लॉट वजनाला कमी भरला. पॅकिंगसुद्धा झालं होतं. आम्ही गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं आणि लॉट थांबवला. नुकसान कंपनीने सोसलं. म्हणून तुम्हाला सांगतो, लूप आखूड दिसले, डाग दिसला, तर माग बंद करा आणि जॉबरला बोलवा. बंद वेळेचे पैसे तुमच्या सरासरीप्रमाणे मिळतील. माग थांबवला म्हणून कोणी बोललं तर माझ्याकडे या. दिसत असूनही चालू ठेवला, तर मात्र मी विचारणार.
>
> चालू मागात हात घालायचा नाही. ऑर्डर कितीही घाईची असू दे. कंटेनर चुकला तर गिऱ्हाईकाशी बोलायचं काम माझं. आधी तुमचे हात, मग माल, मग तारीख, हा आपला क्रम आहे.
>
> पगार 7 तारखेच्या आत होतो. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने मिळतात आणि पगारपत्रकात वेगळे दिसतात. आकडा जुळला नाही तर अकाउंटमध्ये विचारा. तीन दिवसांत उत्तर मिळेल.
>
> गड्ड्याच्या यात्रेला, मार्कंडेय रथोत्सवाला, ईदला बऱ्याच जणांना सुट्टी हवी असते. सगळ्यांना एकदम देता येत नाही. आठ दिवस आधी सांगा. ज्याला या वर्षी मिळाली नाही, त्याचा पुढच्या वर्षी पहिला नंबर. न सांगता खाडा केला तर शेजारच्या माणसावर दुप्पट काम पडतं, हे लक्षात घ्या.
>
> एक गोष्ट आम्हाला अजून जमलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत शेडमध्ये फार उकडतं. पंखे वाढवले, पिण्याचं थंड पाणी मागांच्या जवळ आणलं, पण दुपारची पाळी अजून जड जाते. कोणाला काही सुचलं तर सांगा.
>
> मंगळवारी चार ते पाच मी केबिनमध्ये असतो. चिठ्ठी लागत नाही.
>
> (नाव, सही, तारीख, फोन नंबर)

यात प्रामाणिकपणा, गुणवत्ता, शिस्त, सांघिक भावना यांतला एकही शब्द नाही, पण चारही गोष्टी आहेत. खाड्याचं वाक्य पाहा. तिथे "बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही" असंही लिहिता आलं असतं. पण शेजारच्या माणसावर काम पडतं हे खरं कारण आहे, आणि ते कामगाराला एमडींपेक्षा जास्त ठाऊक आहे. कारण खरं असलं की दम द्यावा लागत नाही. "मी विचारणार" हे वाक्य मात्र मी मुद्दाम ठेवलंय. सगळं मऊ मऊ लिहिलं तर तेही खोटं वाटतं. मालक आहे, कधीतरी विचारणारच.

उकाड्याचा परिच्छेद साहेबांना बहुतेक आवडणार नाही. "आपणच आपली उणीव छापायची?" असं म्हणतील. त्यांना सांगा की नवा माणूस मे महिन्यात पहिल्याच दुपारी शेडमध्ये उभा राहिला की ती उणीव त्याला आपोआप कळते. प्रश्न एवढाच आहे की ती एमडींना कळली आहे का, हे त्याला पहिल्या पानावरून समजतं की नाही. तरी ते ठाम नाही म्हणाले तर परिच्छेद सोडून द्या, त्यावरून वाद घालू नका. मंगळवारची वेळ मात्र त्यांना नीट विचारून घ्या. दर मंगळवारी बाहेरगावी जाणाऱ्या माणसाने मंगळवार छापला तर पहिल्या महिन्यातच सगळं मनोगत हसण्यावारी जाईल. फोन नंबरचंही तसंच. उचलणार असतील तरच द्या.

तारीख नक्की घाला. तारीख असली की दोन वर्षांनी लॉटचा किस्सा जुना झालाय हे दिसतं, आणि नवा घालायची आठवण राहते. नवा किस्सा सापडला नाही तर तेही साहेबांच्या कानावर घालण्यासारखं आहे.

छापण्याआधी मसुदा दोघांना वाचायला द्या. एक जुना जॉबर आणि एक पॅकिंगमधली बाई, शक्यतो तोंडावर बोलणारी. "कसं वाटलं?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतील. "यातलं कुठलं वाक्य ऐकून शेडमध्ये हसतील?" असं विचारा. त्यांनी बोट ठेवलेली वाक्यं काढायची, किंवा ती खरी होतील अशी व्यवस्था करायची.

त्यात सगळ्यात आधी बोट पडेल ते बंद वेळेच्या सरासरी पैशांवर. त्या लॉटच्या आठवड्यात ते दिलेले नसतील, तर साहेबांसमोर दोन रस्ते ठेवा. एक म्हणजे तो परिच्छेदच काढून टाकणं. दुसरा म्हणजे यापुढे द्यायचं ठरवून, सरासरी कशी काढायची ते आतल्या पगाराच्या पानावर लिहिणं, उदाहरणार्थ मागच्या तीन महिन्यांच्या रोजच्या कमाईवरून. आणि त्या आठवड्याचे राहिलेले पैसे पुढच्या पगारात चुकते करणं. मला वाटतं, गिऱ्हाईकाला स्वतःहून फोन करणारा माणूस दुसरा रस्ता घेईल. पण छपाईला मजकूर देण्याआधी त्यांचा होकार लेखी घ्या आणि अकाउंटला त्याची प्रत द्या.